फायकसच्या फोटोंवरून झाडाची प्रकृती आणि छाटणी

प्रश्न : माझ्या फायकस बोन्सायचे तीन फोटो दिले आहेत. पाने पिवळी पडून गळत आहेत. झाड आजारी आहे का? आता छाटणी केली तर चालेल का?

पिवळी पाने कोठे आहेत, हे आधी पाहावे. पहिल्या फोटोत ती सगळी फांद्यांच्या आतल्या, जुन्या भागात आहेत आणि शेंडे मात्र हिरवेगार आहेत. वरचा पसारा दाट झाला की आतल्या पानांना ऊन मिळत नाही आणि झाड ती टाकून देते. त्यामुळे ही गळ मला आजाराची वाटत नाही. शेंडेच फिकट असते किंवा कोवळी पाने मलूल असती, तर मी मुळांकडे संशयाने पाहिले असते.

खरी तक्रार दुसऱ्या फोटोत आहे. शेंड्याकडची काही पाने मध्यशिरेवर मिटलेली असून त्यांवर तांबूस-जांभळे ठिपके दिसतात. हे फुलकिड्यांचे लक्षण आहे. एक मिटलेले पान उघडून पाहा, आत बारीक काळे किडे सापडतील. औषध त्या घडीत नीट पोहोचत नाही, म्हणून अशी पाने तोडून नष्ट करावीत आणि मगच नव्या पालवीवर कडुनिंबाचे तेल फवारावे.

आता आकाराविषयी. डावीकडची सर्वांत खालची फांदी वरच्या फांद्यांपेक्षा बारीक आहे, हे बोन्सायला शोभत नाही, कारण जुन्या वृक्षाची खालची फांदी जाड असते. फायकसची ताकद शेंड्याकडे धावते. तेव्हा छाटणी जरूर करा, पण वरच्या भागातच: तिथल्या प्रत्येक डहाळीला सहा-आठ पाने आली की दोन-तीन ठेवून कापा. खालच्या फांदीला कात्री लावू नका. तिचे टोक वर उचलून मोकळे वाढू द्या. ती जाड झाल्यावर आखूड करता येईल. अशा अशक्त फांदीची सगळी पाने काढली, तर झाड बहुधा ती फांदीच सोडून देते.

उजव्या फांदीवर तार सालीत रुतू लागली आहे. तिच्या दोन्ही बाजूंनी साल फुगलेली स्पष्ट दिसते. पावसाळ्यात फायकस इतके झपाट्याने वाढते की महिनाभरातही असे होते. तार उलगडू नका, साल सोलून निघेल. प्रत्येक वेढा कटरने तोडून सुटा करा.

तिन्ही फोटो समोरूनच घेतलेले असल्याने मागच्या फांद्यांबद्दल बोलणे धाडसाचे होईल. सावलीतल्या उजेडात, साध्या पडद्यापुढे दोन्ही बाजूंचे आणि मातीचे जवळून फोटो द्या. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली निरोगी पानही पिवळट दिसते. कुंडीतली माती घट्ट झाली आहे का, हे मात्र फोटोत कळणार नाही. त्यासाठी पाणी घालून ते किती वेळात खाली उतरते, ते पाहा आणि इथे लिहा.