मेमरी कार्ड खराब दाखवतंय: फॉरमॅट करण्याआधी काय बघावं?

प्रश्न: फोनवर ‘एसडी कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा’ असं येतंय. अडॅप्टरमध्ये घालून लॅपटॉपला लावलं तर तोही फॉरमॅट करा म्हणतो. सगळे फोटो त्यातच आहेत. कार्ड गेलं का?

सध्या कुठेच फॉरमॅट दाबू नका. आणि फोनही रीसेट करू नका. दुकानात नेलात तर तिथला मुलगा आधी तेच सुचवेल, पण थांबा.

आधी आठवून बघा, कार्ड पहिल्यांदा घातलं तेव्हा फोनने विचारलं होतं का, की हे पोर्टेबल म्हणून वापरायचं की इंटर्नल? अँड्रॉइड ६ पासून (२०१५) ही सोय आली. ज्यांच्या फोनची जागा सारखी भरायची, अशा बऱ्याच जणांनी खूश होऊन इंटर्नल निवडलं. (सॅमसंगच्या बहुतेक फोनमध्ये हा पर्यायच नसतो. तुमचा तो असेल तर कार्ड पोर्टेबलच धरून चाला.)

इंटर्नल केलं की फोन सगळं कार्ड कुलूपबंद करतो, म्हणजे एनक्रिप्ट करतो, आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या आत ठेवतो. मग असं कार्ड लॅपटॉपला लावलं तर त्याला ते कळणारच कसं? तो सरळ ‘You need to format the disk’ म्हणतो. कार्ड ठणठणीत असतानाही हेच दिसतं. आणि फोन रीसेट केला की किल्ली पुसली जाते. मग कुठलंही सॉफ्टवेअर ते फोटो परत आणू शकत नाही.

आठवत नसेल तर विंडोजमध्ये Disk Management उघडा आणि कार्डाचे भाग बघा. सुरुवातीला १६ एमबीचा एक छोटा तुकडा आणि बाकी सगळं एका मोठ्या, विंडोजला न ओळखू येणाऱ्या भागात असेल, तर ते इंटर्नल केलेलं कार्ड आहे. तिथून काही न करता बाहेर पडा. माझ्या मामेभावाच्या ६४ जीबीच्या कार्डाचं नेमकं हेच झालं होतं. फोन बंद केला, कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने अलगद पुसल्या, वाळू दिल्या आणि कार्ड त्याच फोनमध्ये ट्रेवर नीट बसवून फोन चालू केला. कार्ड दिसलं. ट्रेमध्ये ते जेमतेम केसभर सरकलं असावं. लगेच फोन केबलने लॅपटॉपला जोडून आधी फोटो उतरवून घेतले, बाकीचं नंतर.

तुकडे तसे नसतील, एकच भाग दिसत असेल, तर कार्ड पोर्टेबल आहे आणि आता संशय अडॅप्टरवर घ्या. ते प्लास्टिकचं खोकं म्हणजे फक्त तारा आहेत. कार्डाच्या पट्ट्यांपासून बाहेरच्या पट्ट्यांपर्यंत जोडणी, बाकी आत काही नाही. वापरून वापरून आतल्या पिना दबतात. मग कार्ड कधी दिसतं, कधी दिसत नाही, किंवा कॉपी करताना मध्येच गायब होतं. खात्री करायची तर चालू असलेलं दुसरं कार्ड याच अडॅप्टरमध्ये घालून बघा आणि तुमचं कार्ड दुसऱ्या अडॅप्टरमध्ये. शक्य असेल तर अडॅप्टर बाजूलाच ठेवा आणि छोटं कार्ड थेट बसतं तो यूएसबी रीडर आणा, फार महाग नसतो.

अडॅप्टरच्या डाव्या कडेला लॉकची छोटी सरकपट्टी असते. ती खाली सरकली की लॅपटॉप ‘write protected’ म्हणतो. फॉरमॅट मागण्याशी तिचा संबंध नाही, आणि मायक्रो कार्डाला स्वतःचं असं लॉकच नसतं. तरी सैल झालेली पट्टी आत ढकलताना आपोआप खाली घसरते, त्यामुळे एकदा बघून घ्या.

चांगल्या रीडरमधूनही पोर्टेबल कार्ड फॉरमॅटच मागत असेल, तर बहुधा फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची कार्डावरची नोंद, बिघडली आहे, फोटो अजून आत असू शकतात. PhotoRec हे असे फोटो शोधून काढणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते लॅपटॉपवर चालवा. सापडलेले फोटो लॅपटॉपवर उतरवा, त्याच कार्डावर नाही, नाहीतर सापडायचे बाकी फोटो त्यांच्याखाली गाडले जातील. इंटर्नल कार्डावर मात्र हे चालवण्यात वेळ घालवू नका.

फोटो हाताशी आल्यावर कार्ड फोनमध्येच ‘Use as portable storage’ निवडून फॉरमॅट करा. मग दोन-चार फाइली टाका, कार्ड काढून पुन्हा घाला. फॉरमॅट झाल्याचं सांगूनही जुन्या फाइली तशाच दिसल्या, तर कार्डाने लिहून घेणंच बंद केलंय. ते टाकून द्या.