अॅप स्टोअरवरून काढले, आता वापरकर्त्यांची खाती आणि डेटा कसा मिटवावा?

प्रश्न : मी आणि माझ्या भागीदाराने रोजच्या सवयींची नोंद ठेवणारे एक अॅप चालवले. गेल्या महिन्यात ते प्ले स्टोअरवर अनपब्लिश केले. मागे फायरबेसवर सुमारे चार हजार खाती आहेत. काहींनी वर्षभराची वर्गणी भरलेली आहे. एका वापरकर्त्याने ‘माझा सगळा डेटा मिटवा’ असा ईमेल पाठवला आहे. मला वाटते की प्रोजेक्टच डिलीट करून मोकळे व्हावे. भागीदाराचे म्हणणे असे की ईमेल पत्ते पुढच्या अॅपसाठी ठेवावेत. कायद्याने काय योग्य?

उत्तर : प्रोजेक्ट लगेच डिलीट करू नये, हे आधी सांगतो. ते पाऊल शेवटचे आहे. ते आधी उचलल्यास बाकीची कर्तव्ये पार पाडण्याची साधनेच आपल्या हातून जातील.

अनपब्लिश करण्याचा कायदेशीर अर्थ बराच मर्यादित आहे. त्यानंतर नव्या माणसाला अॅप सापडत नाही. ज्यांच्याकडे ते आधीपासून आहे त्यांचे अॅप मात्र चालूच राहते. गूगल प्लेच्या विकसक वितरण कराराच्या आठव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की उत्पादन पुढील वितरणातून काढल्याने आधी खरेदी किंवा डाउनलोड केलेल्यांच्या हक्कांवर परिणाम होत नाही, आणि त्यांना आधी विकलेले उत्पादन वा सेवा पुरवण्याची व साहाय्य देण्याची विकसकाची जबाबदारीही बदलत नाही. म्हणजे ज्याने वर्षाचे पैसे भरले आणि ज्याचे काही महिने शिल्लक आहेत, त्याच्याशी आपला करार अजून जिवंत आहे. अशा वेळी सर्व्हर बंद केला तर तो करारभंग आपल्याकडून होतो, आणि स्टोअरकडे बोट दाखवून त्यातून सुटता येत नाही.

म्हणून पहिले काम वर्गणीदारांचे. अनपब्लिश केल्यामुळे चालू वर्गण्या आपोआप रद्द झाल्या असतील, असे गृहीत धरू नका. प्ले कन्सोलमधील बेस प्लॅन निष्क्रिय केला तरी तो फक्त नव्या ग्राहकांसाठी बंद होतो, जुन्यांचे नूतनीकरण चालूच राहते. प्रत्येक चालू वर्गणी आपल्याला रद्द करावी लागेल आणि न वापरलेल्या काळाचे पैसे परत द्यावे लागतील. थोडे वर्गणीदार असतील तर हे ऑर्डर व्यवस्थापनाच्या पानावरून होते. जास्त असतील तर प्ले डेव्हलपर एपीआयमध्ये उरलेल्या कालावधीच्या प्रमाणात परतावा देऊन वर्गणी संपवण्याची सोय आहे. त्या एपीआयसाठी लागणारे सर्व्हिस अकाउंट बहुधा आपण मिटवू पाहत असलेल्याच क्लाउड प्रोजेक्टमध्ये असते, हे लक्षात घ्या. प्रोजेक्ट गेला की परतावा देण्याचा हा मार्गही गेला.

यानंतर सर्व वापरकर्त्यांना ईमेलने आणि अॅपमधील सूचनेने सेवा बंद होण्याची तारीख कळवा, आणि तोपर्यंत आपापल्या नोंदी उतरवून घेण्याची सोय ठेवा. साधारण तीस दिवसांची मुदत मला वाजवी वाटते, मात्र आपल्या वापर-अटींमध्ये याहून मोठी मुदत कबूल केली असेल तर तीच पाळावी लागेल. या काळात लॉगिन चालू असले पाहिजे. ज्या अॅपमध्ये खाते उघडता येते, त्यात खाते मिटवण्याची विनंती अॅपमधून आणि अॅपबाहेरच्या वेब दुव्यावरून अशा दोन्ही मार्गांनी करता यावी, अशी गूगल प्लेची अट आहे. ते वेबपान फायरबेस होस्टिंगवरच असेल, तर प्रोजेक्ट बंद न करण्याचे हे आणखी एक कारण.

ज्या वापरकर्त्याने ईमेल पाठवला आहे, त्याला तीस दिवस थांबायला लावू नका. तो युरोपीय संघातला असेल तर जीडीपीआर या तिथल्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 12 नुसार विलंब न लावता, आणि सर्वसाधारणपणे एका महिन्याच्या आत, काय कारवाई केली हे त्याला कळवणे बंधनकारक आहे. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 8 मध्येही, संमती मागे घेतली किंवा ज्यासाठी माहिती घेतली तो हेतू संपला की, अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसेल तर ती मिटवावी आणि आपल्या वतीने ती हाताळणाऱ्यांकडूनही मिटवून घ्यावी, असे कर्तव्य सांगितले आहे. त्या कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली असल्यामुळे मिटवण्याच्या दिवशी कोणत्या तरतुदी लागू आहेत, हे पाहून घ्यावे.

मिटवताना बहुतेक चूक एकाच जागी होते. फायरबेस ऑथेंटिकेशनमधून वापरकर्ता काढला की खाते नाहीसे होते, पण फायरस्टोअर या डेटाबेसमधील त्याच्या नोंदी तशाच राहतात. आणि फायरस्टोअरमधील त्याचा दस्तऐवज काढला, तरी त्याखालचे उपसंग्रह आपोआप जात नाहीत. समजा, आपण प्रत्येकाच्या रोजच्या नोंदी त्याच्या दस्तऐवजाखाली उपसंग्रहात ठेवल्या आहेत. वरचा दस्तऐवज काढल्यावर खाते गेल्यासारखे वाटते, पण त्या माणसाची झोप, औषधे, व्यायाम यांची दोन वर्षांची नोंद खाली शाबूत असते. कायद्याच्या दृष्टीने तो डेटा मिटलेला नाही. त्यासाठी खालपर्यंत जाणारी आज्ञा वापरावी लागते:

```
firebase firestore:delete users/<uid> --recursive
```

त्यानंतर स्टोरेजमधील फाइली, मग ईमेल पाठवणाऱ्या सेवेतील यादी, आणि सर्वांत शेवटी ऑथेंटिकेशनमधील खाते काढावे, कारण खाते आधी काढले तर बाकीच्या गोष्टी शोधण्याची खूणच हरवते. पुन्हा त्याच खुणेने शोध घेऊन काही उरले नाही ना, हे तपासावे. बॅकअपमधील प्रती त्यांची मुदत संपेपर्यंत राहतात. फायरस्टोअरच्या नियोजित बॅकअपची कमाल मुदत चौदा आठवडे आहे. म्हणून उत्तरात ‘सगळे त्याच क्षणी नष्ट झाले’ असे लिहू नका. चालू प्रणालीतून कोणत्या तारखेला काढले आणि बॅकअप कधी संपतील, एवढे खरे लिहा.

सर्वच मिटवायचे, असेही नाही. पावत्या आणि परताव्यांच्या नोंदी करकायद्याने ठरलेल्या मुदतीपर्यंत ठेवाव्या लागतात, आणि चालू किंवा संभाव्य दाव्यासाठी आवश्यक कागदपत्रे ठेवण्यास जीडीपीआरचे कलम 17 मुभा देते. मात्र ती मुभा तेवढ्याच कागदांपुरती आहे. पावती ठेवायची म्हणून सवयींची नोंद ठेवता येत नाही. त्या नोंदी वेगळ्या काढून बंद जागी ठेवा.

भागीदारांचा विचार मला मान्य नाही. ईमेल पत्ते सवयींच्या अॅपचे खाते चालवण्यासाठी दिले गेले होते. दुसऱ्या उत्पादनाची जाहिरात हा वेगळा हेतू आहे आणि त्यासाठी वेगळी संमती हवी. सेवा बंद होण्याच्या सूचनेत ‘आमच्या नव्या अॅपची माहिती हवी असल्यास येथे नोंदवा’ असा स्वतंत्र, आधी खूण न केलेला पर्याय देता येईल. जे स्वतः होकार देतील त्यांचे पत्ते वैधपणे नव्या यादीत येतील, बाकीचे जातील. यादी लहान होईल हे खरे, पण तक्रार आली तर तिचा बचाव करता येईल.

एवढे झाल्यावर प्रोजेक्ट बंद करावा. गूगल क्लाउडमध्ये तो सुमारे तीस दिवस परत आणता येण्याजोग्या अवस्थेत राहतो, त्यामुळे अंतिम तारीख त्यानुसार नोंदवा. काय, केव्हा आणि कोणी मिटवले याचे टिपण ठेवा, पण त्यात वापरकर्त्यांची नावे किंवा पत्ते लिहू नका. आणि आपल्या दोघांच्या संगणकांवर चाचणीसाठी किंवा सोयीसाठी उतरवलेल्या डेटाबेसच्या प्रती असतील, तर त्याही याच यादीत येतात; त्या काढल्याचे भागीदारांकडून लेखी घ्या.