मेगापिक्सेल जास्त, तरी फोटो मातकट का?

प्रश्न: भावाचा फोन १०८ मेगापिक्सेलचा, माझा १२ चा. तरी संध्याकाळी घरात काढलेले फोटो माझेच चांगले येतात. असं कसं?

उत्तर: मेगापिक्सेल फक्त फोटोतल्या ठिपक्यांची संख्या सांगतो. १०८ म्हणजे १० कोटी ८० लाख ठिपके, आणि हे सगळे प्रकाश टिपणाऱ्या नखाएवढ्या सेन्सरवर दाटीवाटीने बसवलेले. त्यामुळे एकेकाच्या वाट्याला प्रकाश फार थोडा येतो. ट्यूबलाइटच्या उजेडात तो आणखी कमी पडतो आणि फोटोत दाणे दिसू लागतात.

म्हणून असे फोन सहसा शेजारचे नऊ ठिपके मिळून एक करतात. भावाच्या गॅलरीत एखाद्या साध्या फोटोची माहिती उघडून बघा. तिथे बहुधा 4000 × 3000 दिसेल, म्हणजे १२ मेगापिक्सेलच! ए४ कागदावर सुरेख छापायला एवढे पुरतात. पूर्ण १०८ चा मोड भर उन्हात, फोटोचा छोटा भाग कापून मोठा करायचा असेल तेव्हाच वापरावा.

फोन घेताना मी आधी सेन्सरचा आकार बघतो. तो 1/1.3 इंच, 1/1.7 इंच असा लिहितात. खालचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा. मग लेन्सचं छिद्र: f/1.8 मधून f/2.4 पेक्षा जवळजवळ पावणेदोनपट प्रकाश येतो. ओआयएस, म्हणजे हाताची थरथर सावरून घेणारी कॅमेऱ्यातली सोय, असेल तर हात थोडा हलला तरी अंधुक उजेडातला फोटो सहसा फिसकटत नाही. पळणारं मूल मात्र त्यानेही पुसटच येतं, कारण तिथे हलतंय ते मूल.