मारबतीची टिपणं आहेत, विश्लेषण सुचत नाही

"एमएच्या प्रबंधासाठी यंदा नागपूरच्या इतवारीत काळी-पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक पाहिली. चाळीस पानं टिपणं झाली. पण लिहायला बसलं की नुसता घटनाक्रम उतरतो. विश्लेषण म्हणजे नेमकं काय करायचं?"

टिपणं त्याच रात्री उलगडून लिहायची असतात हे तुम्हाला माहीत असणार, म्हणून ते सोडतो.

माझं वर्ष गेलं ते एका चुकीपायी. वहीत होतं, 'बाई, कडेवर पोर. पोराचा हात पिवळीला लावला. पोर रडलं. नवस?' फेअर करताना त्याचं झालं, 'स्त्रिया श्रद्धेने नवस फेडतात.' प्रश्नचिन्ह गेलं, आणि एका बाईच्या सगळ्या स्त्रिया झाल्या. वर काळी १८८१ची, पिवळी १८८५ची आणि इंग्रजांना मिळालेल्या भोसल्यांच्या बांकाबाईची गोष्ट, हे सगळं अर्थ म्हणून चिकटवलं. मूळ वही रद्दीत गेली होती, त्यामुळे पडताळायलाही काही उरलं नाही. विभागात दाखवलं तर 'आधी थिअरी लावा' एवढंच सांगून तीनदा परत पाठवलं. कोणती, कशाला, हे कुणी बोललं नाही. असो.

पुढच्या वर्षी वही जपली आणि तिला एकच प्रश्न विचारला: कोण कशाला हात लावतो? स्पर्शाच्या अकरा नोंदी सापडल्या. नऊ वेळा बाईने लेकराचा हात मारबतीला लावला होता, दोनदा पोरांनी फोटोसाठी हात ठेवला होता. मिरवणुकीतच महागाई-पुढाऱ्यांवर टीका करणारा बडग्या नावाचा पुतळा असतो, त्याला मात्र कुणीच शिवलं नव्हतं. तिथे हसणं, आरोळ्या आणि मोबाईल. मग तीन बायांना विचारलं. दोघी 'नजर उतरते' म्हणाल्या, तिसरी नुसतीच हसली. 'नवस' कुणाच्याच तोंडी नव्हता, तो शब्द माझा होता.

त्यावरून परिच्छेद झाला तो असा: 'लेकराची पीडा घरातली, म्हणून ती स्पर्शाने मारबतीकडे सोपवली जाते. बडग्यावरची महागाई आणि पुढारी सगळ्यांचे, म्हणून तिथे बोट दाखवणं आणि हसणं पुरतं.'

इथेच थांबू नका, उलट नोंदी शोधा. फोटोवाल्या पोरांमुळे मला 'स्पर्श म्हणजे पीडा सोपवणं' हे सरसकट विधान मागे घेऊन 'लेकरू घेऊन आलेल्या बायांचा स्पर्श' एवढंच लिहावं लागलं. शिवाय 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी बडग्यापाशीही ऐकू आली होती. म्हणजे दोन्हींमधली रेघ मी आखली तितकी पक्की नाही, तेही लिहिलं. आणि मी एकाच चौकात उभा होतो, बाकी रस्त्यावर काय झालं त्याबद्दल मी बोलू शकत नाही.

हा माझा अनुभव, तुमचे मार्गदर्शक वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका. थिअरी मी शेवटीच आणतो, यावर मात्र वाद घालायला तयार आहे.

आणि हो, पुढच्या खेपेला पेन्सिल न्या. पोळ्याच्या पाडव्याला पाऊस आला की शाई पसरते, माझी सहा पानं अशीच गेली.