नोकरी सोडून वर्षभर शिकायचंय? आधी दोन वेगळे आकडे काढ

नोकरी सोडून वर्षभर शिकायला किती पैसे लागतील, या तुझ्या हिशोबात एक घोळ आहे. बुडणारा पगार आणि राहण्याचा खर्च तू एकत्र मिळवलेस. पण राहण्याचा खर्च आजही त्या पगारातूनच जातो ना? मग तो दोनदा धरला गेला.

समज, हातात ७०,००० येतात, ३८,००० खर्च होतात आणि फी ६ लाख आहे. कोर्स १२ महिन्यांचा असला तरी १६ महिने धर, कारण निकालानंतर पहिला पगार यायला तीन-चार महिने सहज जातात. (माझे पाच गेले, शेवटचे दोन भावाच्या उधारीवर.) मग बँकेत हवेत ६ लाख अधिक ६,०८,००० म्हणजे १२,०८,०००. खरी किंमत मात्र फी अधिक बुडालेला पगार, म्हणजे १७,२०,०००. पहिला आकडा सांगतो जमेल का, दुसरा सांगतो परवडेल का. नंतर हातात महिना २५,००० जास्त आले, तरी भरपाईला पावणेसहा वर्षं लागतील.

राजीनाम्याआधी स्वतःची मेडिक्लेम घे, शक्यतो वर्षभर आधी. कंपनीचं कव्हर नोकरीबरोबर संपतं आणि नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून आजारपणाचा क्लेम मिळत नाही. जुन्या आजारांची प्रतीक्षा तर तीन वर्षांपर्यंत असू शकते.

साठवलेले हे १२,०८,००० शेअर्समध्ये ठेवू नकोस. फीच्या हप्त्यांच्या तारखांना मुदत संपेल अशा एफडी कर, आणि घरखर्च दर एक तारखेला पगारासारखा वेगळ्या खात्यात घे. तिसऱ्या महिन्यात ३८,००० पुरेनासे झाले, तर लगेच कळेल.