पीकेयूच्या बाळाची पातळी वाढली, तरी भात का बंद करायचा नाही?

प्रश्न: मी बेळगावात आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. केस अशी: दीड वर्षाचा मुलगा, वजन ९.४ किलो, क्लासिक पीकेयू, म्हणजे फेनिलॲलनिन हे अमिनो आम्ल शरीरात साठत जाण्याचा आजार. दिवसाला ३०० मिलिग्रॅम फेनिलॲलनिन ठरवून दिलंय. रक्तातली पातळी ११ मिग्रॅ/डेसिलिटर आली. ताप-बिप काही नाही. दोन महिने वजन वाढलेलं नाही, फेनिलॲलनिन नसलेला प्रोटीनचा फॉर्म्युला रोज अर्धा उरतो. खाणं: तांदूळ ४० ग्रॅम, ज्वारीचं पीठ १०, बटाटा ५०, दुधी ५०, अर्धं केळं, तेल १०, साखर १०. मी भात बंद करा असं लिहिलं, मॅडमनी शून्य मार्क दिले. चुकलं कुठे?

उत्तर:

मॅडमचं बरोबर आहे. या मुलाचा भात बंद केला तर पातळी आणखी चढण्याचीच शक्यता जास्त. तो जे खातोय त्याचा आधी हिशोब मांडू, कारण या केसचं उत्तर त्या हिशोबातच आहे.

तांदूळ, ज्वारी, डाळी आणि दूध यांच्या १ ग्रॅम प्रोटीनमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम फेनिलॲलनिन धरतात. भाज्यांना ४० आणि फळांना ३० धरलं तरी कामचलाऊ आकडा मिळतो. ४० ग्रॅम तांदळात ३.२ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे १६० मिलिग्रॅम. ज्वारीचे ५०, बटाट्याचे ३०, केळ्याचे १५, दुधीचे १०. बेरीज २६५. ठरवून दिलंय ३००. म्हणजे पोरगं ठरलेल्यापेक्षा कमीच खातंय, आणि तरी पातळी ११ आहे. हवी होती २ ते ६ मध्ये, म्हणजे लिटरला १२० ते ३६० मायक्रोमोल. ११ म्हणजे जवळजवळ ६६५.

मग हे जास्तीचं फेनिलॲलनिन आलं कुठून? मुलाच्याच स्नायूंतून. तेही प्रोटीनच आहे आणि त्याच्या दर ग्रॅममध्ये ४० मिलिग्रॅमच्या आसपास फेनिलॲलनिन असतं. शरीराचं १० ग्रॅम प्रोटीन मोडलं आणि परत बांधलं गेलं नाही, तर चारशे मिलिग्रॅम रक्तात उतरतं. हे त्याच्या दिवसभराच्या ताटातल्यापेक्षा जास्त झालं. पीकेयूत फेनिलॲलनिनचं टायरोसिन करणारं एन्झाइम यकृतात काम करत नाही, म्हणून ते तिथेच साठून राहतं.

स्नायू मोडायची पाळी का आली, ते उष्मांकाच्या बेरजेतून दिसतं. भाताचे १४०, ज्वारीचे ३३, बटाट्याचे ३७, केळ्याचे ४५, दुधीचे ६, तेलाचे ९०, साखरेचे ४०. फॉर्म्युल्याच्या भुकटीचे आकडे डब्यागणिक वेगळे असतात, म्हणून ते नेहमी लेबलवरून घ्यायचे. इथे १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रोटीन आणि ४०० किलोकॅलरी धरू, आणि दिवसाला १०० ग्रॅम ठरलेली धरू. अर्धी उरते, म्हणजे २०० किलोकॅलरी पोटात. सगळे मिळून ५९० च्या आसपास. या वयाला हजारभर हव्यात. प्रोटीनचंही तसंच आहे: अन्नातून पावणेसहा ग्रॅम आणि फॉर्म्युल्यातून साडेबारा, मिळून १८. एक ते चार वर्षांच्या पीकेयूच्या मुलाला निदान ३० ग्रॅम द्यायचं असतं. सामान्य मुलापेक्षा हा आकडा मोठा आहे, कारण मोकळी अमिनो आम्लं पटकन शोषली जातात आणि त्यातली बरीच जळून जातात. शिवाय फॉर्म्युल्यात टायरोसिन घातलेलं असतं. या मुलांना ते स्वतः पुरेसं बनवता येत नाही, म्हणून फॉर्म्युला अर्धा उरला की टायरोसिनही अर्धंच मिळतं.

आता तुमचा उपाय लावून बघा. भात काढला की उरलं १०५ मिलिग्रॅम. या वयाला २०० ते ४०० लागतं, आणि ते लागतंच, कारण फेनिलॲलनिन हे आवश्यक अमिनो आम्ल आहे, शरीराला ते बनवता येत नाही. एकशेपाचवर ठेवलं तर पहिल्यांदा पातळी खाली येईल, दोनच्याही खाली जाईल. मूल मलूल होईल, भूक जाईल, लंगोटाच्या जागी पुरळ येईल. मग शरीर आपलाच साठा फोडायला घेईल आणि पातळी उलटी वर चढेल. त्या वेळी नुसता रिपोर्ट बघणारा माणूस म्हणेल, अजून कमी करा.

म्हणून पातळी जास्त आली की ताटाकडे बोट दाखवण्याआधी वजनाचा तक्ता बघायचा. वजन छान वाढतंय, फॉर्म्युला रिकामा होतोय आणि ताटाची बेरीज ठरलेल्यापेक्षा वर जातेय, तर मूल खरंच जास्त खातंय, मग थोडं कमी करा. वजन थांबलंय, फॉर्म्युला उरतोय आणि उष्मांक कमी आहेत, तर ती आतली मोडतोड आहे. तुमच्या केसमध्ये दोन महिने न वाढलेलं वजन आणि अर्धा उरलेला फॉर्म्युला हे दोन धागे मुद्दाम घातलेत.

आहार असा मांडा. भात तसाच राहू दे, ज्वारीही. वर साबुदाणा ३० ग्रॅम वाढवा, १०५ किलोकॅलरी येतात आणि फेनिलॲलनिन जवळजवळ काहीच नाही. तूप १५ ग्रॅम, म्हणजे १३५. साखर आणखी १० ग्रॅम, म्हणजे ४०. बटाटा ५० ग्रॅमने वाढवला की ३० मिलिग्रॅम आणि ३७ किलोकॅलरी येतात, बेरीज २९५ होते आणि ठरलेल्या तीनशेच्या आत बसते. फॉर्म्युला पूर्ण १०० ग्रॅम. आता उष्मांक अकराशेच्या घरात आणि प्रोटीन ३१ ग्रॅम.

साबुदाण्याबद्दल एक गोष्ट उत्तरात जरूर लिहा, मॅडमना आवडेल. आपल्याकडे साबुदाणा म्हटलं की आईचा हात आपसूक शेंगदाण्याच्या कुटाकडे जातो. दहा ग्रॅम कुटात सव्वादोन-अडीच ग्रॅम प्रोटीन, म्हणजे सव्वाशेच्या आसपास मिलिग्रॅम. एका डावाने दिवसाचा एक तृतीयांशाहून जास्त कोटा गेला. म्हणून खिचडी बिनकुटाची, आणि खीर दुधाची नको, पाण्यात शिजवलेली, वर तूप-साखर.

फॉर्म्युला का उरतो हे केसमध्ये दिलेलं नाही, पण प्रत्यक्षात तोच खरा प्रश्न असतो. त्याला वास आणि कडसर चव असते. मूल तोंड फिरवतं, मग आई आधी भात भरवते आणि पोट भरल्यावर बाटली पुढे करते. क्रम उलटा करायला सांगा: आधी फॉर्म्युला, मग ताट. गार केलेला बऱ्याचदा जास्त चालतो. दिवसाचा एकदम पाजायचा नाही, तीन-चार भाग करून जेवणाबरोबर द्यायचा, नाहीतर अमिनो आम्लं एकदम येतात आणि जळून जातात. भातात कालवू नका, मूल भातही सोडतं.

दुसरं कारण पैशाचं. खानापूरच्या बाजूच्या एका घरी आजीने मला डबा दाखवला, आत चमचा होता आणि चमच्यावर बोटाच्या नखाने खूण केलेली. पूर्ण भरायचा नाही, खुणेपर्यंतच, म्हणजे डबा महिन्याऐवजी दीड महिना जातो. कुणी खोटं बोलत नव्हतं, ‘रोज चार वेळा देतो’ हे खरंच होतं. म्हणून चमचे विचारू नका, डबा कधी फोडला आणि कधी संपला ते विचारा. अशा घरासाठी माहिती हवी: राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये पीकेयू आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून धोरणातल्या आजारांसाठी वैयक्तिक वापराला आणलेल्या विशेष वैद्यकीय आहारावर मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी आरोग्य संचालक, जिल्हा वैद्यकीय अधिकारी किंवा सिव्हिल सर्जन यांचं प्रमाणपत्र लागतं. कर्नाटकातलं या धोरणाखालचं केंद्र बेंगळुरूत आहे, सेंटर फॉर ह्युमन जेनेटिक्स आणि इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था.

तांदूळ कच्चा तोलायचा, वाटीने नाही. एका घरातली वाटी दुसऱ्या घरात दीडपट असते, आणि भातातल्या पाण्याचाही भरवसा नसतो. चारशे-पाचशे रुपयांचा डिजिटल काटा या घरात ताटाइतकाच गरजेचा.

आहार बदलला की आठवड्याभरात पातळी परत तपासा, दर वेळी शक्यतो एकाच वेळी, सकाळच्या फॉर्म्युल्याआधी. सहाच्या आत आली आणि वजन हललं तर तुमचं निदान बरोबर होतं. वजन वाढतंय पण पातळी सहाच्या वर अडली, तर मग रोजचे २५ मिलिग्रॅम कमी करायचे आणि परत बघायचं. आता मात्र भाताला हात लावायला कारण आहे.

पुढे हे मूल तीन वर्षांचं होऊन अंगणवाडीत जाईल. तिथे क्षीर भाग्य योजनेत दूध मिळतं. १५० मिलिलिटर दुधात सव्वादोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम फेनिलॲलनिन असतं, म्हणजे एका ग्लासात जवळजवळ दिवस संपला. आजीने आणलेला कुंदा तर खव्याचाच. बाई आणि मदतनीस दोघींना आधीच भेटा, आणि तापाच्या सिरपच्या लेबलवर ॲस्पार्टेम आहे का तेही बघायची सवय लावा, त्यात फेनिलॲलनिन असतं.

एम.एस.यू.डी.ची, म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्लं न मोडण्याच्या आजाराची केस आली तर हाच तर्क वापरा, फक्त वेळ नसतो. तिथे ताप, उलटी किंवा उपाशीपणाने मोडतोड सुरू झाली की ल्युसिन तासा-दिवसांत चढतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. अन्नातलं प्रोटीन तेवढ्या दिवसांपुरतं थांबवतात, ल्युसिन नसलेला फॉर्म्युला आणि उष्मांक मात्र वाढवतात, आणि आयसोल्युसिन व व्हॅलिन खाली गेले असतील तर ते मुद्दाम देतात. ते नसतील तर प्रोटीन बांधलं जात नाही आणि ल्युसिन उतरत नाही. अशा मुलाला उलटी सुरू झाली तर घरी वाट बघू नका, हॉस्पिटलात न्यायला सांगा.