फिक्या गालिच्यावर चहा सांडला तर

चहा सांडल्या सांडल्या घासायला जाऊ नका. घासलं की डाग पसरतो आणि लोकरीचे धागे पिंजतात. पांढरं सुती फडकं दाबून धरा, भिजलं की कोरडी बाजू घ्या, आणि कडेकडून मध्याकडे या. रंगीत फडक्याचा रंग उतरतो, म्हणून पांढरंच.

मग कपभर गार पाण्यात अर्धा चमचा भांडी घासायचं लिक्विड घालून फडक्याने थोडं थोडं लावा आणि टिपत राहा. गरम पाणी नको, आपल्या चहातलं दूध त्याने धाग्यात बसतं. साबणाची वडीही नको, तिने चहाचा तपकिरी रंग पक्का होतो. शेवटी साध्या पाण्याने टिपून घ्या. रेड वाईनलाही हेच.

वाळलेला डाग आधी ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरू द्या. मग तेच लिक्विड, आणि नंतर पांढरं व्हिनेगर दुप्पट पाण्यात. कोपऱ्यात आधी लावून बघाच.

माझ्या गालिच्यावर साफ झालेला डाग सकाळी परत दिसला. तळाशी राहिलेला चहा वाळताना वर चढला होता. तेव्हापासून मी रात्रभर जाड घडीचं कोरडं फडकं वजनाखाली ठेवते.